तोंडी होकार, जमा रक्कम आणि जबाबदारीचं नाव
स्नेहमेळाव्याच्या बैठकीचं इतिवृत्त कसं लिहावं

माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्याची तयारी तीन-चार महिने आधी सुरू होते आणि पहिल्या बैठकीत सगळेच उत्साहात असतात. "जेवणाचं माझ्याकडे लागलं," असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, "पन्नास हजार माझे धरा." तिसरी म्हणते, "मुलींना शोधायचं काम आम्ही करतो." चहा होतो आणि मंडळी घरी जातात. महिनाभराने पुन्हा बसतात तेव्हा पन्नास हजार कबूल होते की "जमलं तर पन्नास" असं म्हटलं होतं, यावर दोन मित्रांचे दोन चेहरे होतात. पंचवीस वर्षांनी जुळलेल्या ओळखी अशा कारणावरून आंबट होताना पाहिल्या की वाईट वाटतं. हे टाळायला बैठकीचं इतिवृत्त पुरतं, फक्त ते नीट लिहिलेलं हवं.

बहुतेक इतिवृत्तांत "जमाखर्चावर सविस्तर चर्चा झाली" आणि "प्रायोजक मिळवण्याचे ठरले" अशी वाक्यं असतात. त्यावरून काय ठरलं ते कळतं, पण कुणी, किती आणि कधीपर्यंत करायचं ते कळत नाही. अंदाजपत्रक, प्रायोजक आणि स्वयंसेवक हे तीन विषय एकमेकांत अडकलेले असतात आणि इतिवृत्तात ते तसेच दिसायला हवेत. त्यासाठी एक कल्पित हिशेब मांडू.

जमलेलं अंदाजपत्रक

समजा, तालुक्याच्या गावातल्या एका शाळेचा माजी विद्यार्थी संघ डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मेळावा घेतो आहे. दोनशे जण येतील असा अंदाज आहे आणि नोंदणी शुल्क माणशी ८०० रुपये आहे, म्हणजे १,६०,००० रुपये. प्रायोजकांकडून १,००,००० मिळतील असं धरलं आहे. एकूण जमा २,६०,०००.

खर्चाची बाजू अशी. नाश्ता, जेवण आणि चहा मिळून ताटाला ४५० रुपये. दोनशे माजी विद्यार्थी आणि वीस शिक्षक धरून ९९,०००. मंगल कार्यालय ४०,०००, ध्वनिक्षेपक आणि मोठा पडदा ३५,०००, माणशी १५० रुपयांची स्मृतिचिन्हं ३०,०००, शिक्षकांचा सत्कार २०,०००, छायाचित्रण १५,०००, फलक आणि छपाई ६,०००, आकस्मिक खर्च १५,०००. बेरीज बरोबर २,६०,०००. कागदावर सगळं जुळलं, म्हणून समिती खूश.

आता हाच खर्च दोन भागांत पाहू. येणाऱ्या प्रत्येकामागे जेवणाचे ४५० आणि स्मृतिचिन्हाचे १५० असे ६०० रुपये लागतात. तो ८०० देतो, म्हणजे प्रत्येकामागे २०० रुपये उरतात. कार्यालय, पडदा, सत्कार, शिक्षकांची ताटं वगैरे उरलेला १,४०,००० चा खर्च माणसं कमी आली तरी कमी होत नाही. दोनशे जणांचे ४०,००० त्यात गेले की बाकी १,००,००० प्रायोजकांनीच भरायचे आहेत.

दीडशेच जणांनी नोंदणी केली आणि ते वेळेवर कळलं, तर तूट १०,००० ची येते. पण केटररला दोनशे ताटांची हमी देऊन झाली असेल आणि दोनशे स्मृतिचिन्हं तयार असतील, तर न आलेल्या पन्नास जणांचे प्रत्येकी ८०० रुपये बुडतात आणि तूट ४०,००० होते. फरक फक्त आकडा कधी पक्का केला याचा आहे. म्हणून "भोजन खर्चास मंजुरी" एवढं लिहून भागत नाही. नोंद अशी हवी: "नोंदणी १० डिसेंबरला बंद होईल. त्या दिवशी शुल्क भरलेल्यांची संख्या अधिक वीस शिक्षक, एवढ्याच ताटांची हमी ११ डिसेंबरला केटररला लेखी द्यावी." ही तारीख मनाने घालायची नसते. आकडा शेवटचा किती दिवस आधी बदलता येईल, हे केटररला विचारूनच ती ठरवायची.

प्रायोजकाच्या शब्दाच्या तीन पायऱ्या

बहुतेक मेळाव्यांचा हिशेब प्रायोजकांपाशी फिसकटतो, कारण तोंडी होकार, लेखी होकार आणि खात्यात जमा झालेली रक्कम ही तिन्ही एकाच रकान्यात लिहिली जातात. आपल्या संघाचे तीन प्रायोजक आहेत. हार्डवेअरचं दुकान असलेल्या मित्राने ५०,००० कबूल केले आणि त्यातले २५,००० जमाही केले. एका डॉक्टर मैत्रिणीने फोनवर "स्मृतिचिन्हं माझ्याकडून" म्हणून ३०,००० सांगितले. छापखानावाल्या मित्राने "फलक, बिल्ले, स्मरणिका सगळं माझं, वीस हजारांचं काम आहे" असं सांगितलं. बैठकीत ऐकताना हे एक लाख झाले.

यातली छापखान्याची मदत नीट पाहण्यासारखी आहे. त्याने दिलेलं काम वीस हजारांचं असेलही, पण अंदाजपत्रकात छपाईचा खर्च ६,००० च होता. स्मरणिका काढायची हे मुळात ठरलेलंच नव्हतं. त्यामुळे त्याच्या मदतीने संघाचे वाचले फक्त ६,०००. उरलेले १४,००० जमेच्या बाजूला दिसतात, पण त्यातून केटररचं बिल भागत नाही. वस्तुरूप मदतीची किंमत इतिवृत्तात लिहिताना तिने अंदाजपत्रकातला कोणता खर्च किती वाचला, तेवढीच धरावी. मित्राचे आभार पूर्ण वीस हजारांचे मानावेत.

म्हणजे त्या दिवशी हातातले २५,००० आणि वाचलेले ६,००० मिळून पक्के ३१,००० झाले. एक लाखाला ६९,००० कमी. याचा अर्थ मेळावा रद्द करायचा असा नाही. कोणता खर्च कोणत्या पैशावर अवलंबून आहे ते लिहून ठेवायचं:

"ठराव ४. स्मृतिचिन्हांसाठी कबूल झालेले ३०,००० रुपये १५ नोव्हेंबरपर्यंत संघाच्या खात्यात जमा झाल्यावरच त्यांची ऑर्डर द्यावी. तोपर्यंत रक्कम न आल्यास स्मृतिचिन्हं रद्द करून सर्वांना समूह छायाचित्राची प्रत पाठवावी. पाठपुरावा: कोषाध्यक्ष. सर्वानुमते मंजूर."

या नोंदीमुळे डॉक्टर मैत्रिणीवर अविश्वास दाखवला असं होत नाही. उलट तिला तारीख कळते, आणि काही अडचण असेल तर ती वेळेत सांगू शकते.

प्रायोजकाला काय मिळणार, हेही त्याच ओळीत हवं. फलकावर नाव कुठे, किती मोठं, व्यासपीठावरून उल्लेख किती वेळा, दुकानाचा स्टॉल लावू द्यायचा की नाही. "मुख्य प्रायोजक" हे नाव एकाला दिलं की त्याच धंद्यातल्या दुसऱ्याला घ्यायचं का, हेही आधी ठरवावं. मेळाव्याच्या सकाळी दोन हार्डवेअरवाले एकाच कमानीखाली उभे राहिले, तर समजूत घालायला कुणाकडेच वेळ नसतो.

एक फरक कोषाध्यक्षाने समजून घ्यावा. जाहिरातीच्या बदल्यात दिलेली रक्कम ही देणगी नव्हे. संघाकडे देणगीवरच्या आयकर सवलतीची मान्यता असली, तरी त्या सवलतीची पावती काही मोबदला न घेता दिलेल्या देणगीसाठीच असते, आणि २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही. त्यामुळे रक्कम देणगी आहे की प्रायोजकत्व, हे स्वीकारतानाच इतिवृत्तात लिहावं. पैसे संघाच्या खात्यातच घ्यावेत. नोंदणीकृत संघ नसेल आणि फक्त एका वर्गातल्या मित्रांचा मेळावा असेल, तर निदान दोघांच्या सहीने चालणारं खातं उघडावं. एकाच्या मोबाइलवर सगळ्यांचे पैसे आले की घरखर्च आणि मेळावा यांची सरमिसळ होते आणि प्रामाणिक माणसालाही हिशेब देणं जड जातं.

काम कुणाचं, अधिकार किती

"भोजन समिती: पाच जण" अशी नोंद असली की फोन कुणीच करत नाही. प्रत्येक कामासमोर एक नाव, ते न आल्यास दुसरं नाव, शेवटची तारीख आणि विचारल्याशिवाय किती खर्च करता येईल ती मर्यादा, एवढं लिहावं. मर्यादा अनेकदा राहून जाते आणि मग ऐनवेळी शंभर खुर्च्या वाढवाव्या लागल्या की सभागृहात उभा असलेला माणूस पाच जणांना फोन करत बसतो.

काही कामं दिसायला छोटी आणि करायला मोठी असतात. वर्गातल्या मुलींना शोधणं हे त्यातलं पहिलं. लग्नानंतर आडनाव आणि गाव दोन्ही बदललेलं असतं, त्यामुळे जुन्या हजेरीपटावरून माहेरचा पत्ता, तिथून भाऊ किंवा वहिनी, आणि मग ती स्वतः, असा माग काढावा लागतो. या कामाला दोन महिने आणि दोन माणसं द्यायलाच हवीत. नावाच्या बिल्ल्यावर माहेरचं आडनावही छापायचं, हा निर्णय त्याच ओळीत नोंदवला तर छापखान्यापर्यंत तो पोहोचतो. दुसरं काम म्हणजे वयस्कर सर आणि बाईंची ने-आण. कोणत्या सरांना कोण, कुठून, किती वाजता आणणार आणि परत कोण सोडणार, हे प्रत्येक नावापुढे लिहावं. आणण्याची सोय होते, पण परतीचं अनेकदा कुणाच्याच नावावर नसतं.

समितीतल्याच कुणाचा मांडवाचा किंवा ध्वनिक्षेपकाचा व्यवसाय असेल, तर त्याच्याकडून काम घ्यायला हरकत नाही. तीन दरपत्रकं मागवावीत, आणि "सदस्याने आपला व्यवसाय असल्याचे सांगितले व निर्णयात भाग घेतला नाही" असं वाक्य इतिवृत्तात घालावं. पुढची कुजबुज या एका वाक्याने थांबते आणि त्या मित्राचं नावही राखलं जातं.

इतिवृत्त कायम करताना

मसुदा दोन दिवसांत सर्वांना पाठवावा, कारण आठवडा गेला की आठवणी बदलतात. पुढच्या बैठकीचा पहिला विषय "मागील इतिवृत्त वाचून कायम करणे" हाच असतो. कुणाला दुरुस्ती हवी असेल तर ती त्या दिवशीच्या इतिवृत्तात लिहायची. जुनं पान खोडायचं नाही. एखाद्याचा विरोध असेल तर त्याच्या इच्छेप्रमाणे नावासह नोंदवावा. त्यानंतर दुसरा विषय कायम एकच ठेवावा: प्रायोजकांचा तक्ता, त्यात कबूल, लेखी आणि जमा असे तीन आकडे. दर बैठकीला पहिल्या रकान्यातला पैसा तिसऱ्यात सरकलेला दिसायला हवा. दोन बैठका झाल्या तरी एखादी रक्कम पहिल्याच रकान्यात राहिली, तर तिच्यावर अवलंबून असलेला खर्च कापण्याची वेळ आली असं समजावं.

एक ठराव मात्र पहिल्याच बैठकीत हवा, पैसे यायच्या आधी. शिल्लक उरली तर ती कुठे जाईल, शाळेच्या ग्रंथालयाला, गरजू विद्यार्थ्यांच्या शुल्काला की पुढच्या मेळाव्याला? आणि तूट आली तर ती कोण, कोणत्या प्रमाणात भरेल? मेळावा झाल्यावर हा प्रश्न निघाला की शिल्लक पाच हजारांची असली तरी मतं पंधरा असतात. आधी ठरलेलं असलं की शेवटच्या बैठकीत कोषाध्यक्षाने अंदाजित आणि प्रत्यक्ष खर्च शेजारीशेजारी मांडायचा, पावत्या जोडायच्या, ठरावाप्रमाणे रक्कम द्यायची आणि ते पुस्तक पुढच्या समितीकडे सोपवायचं. ताटामागे खर्च किती आला आणि नोंदणी केलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष आले, हे दोन आकडे त्यात असले तर पुढच्या समितीला अंदाजपत्रक अटकळीवर करावं लागणार नाही.