डबीवरची दुसरी तारीख

लग्नात नवरीसाठी घेतलेली मेकअपची पेटी लग्नानंतर कपाटात जाते आणि पुढे कधीतरी नणंदेच्या हळदीला बाहेर येते. फाउंडेशनची बाटली अर्धी भरलेली असते, रंग ठीक दिसतो, खाली छापलेली तारीखही उलटलेली नसते. मग लावायला हरकत काय, असं कुणालाही वाटेल. पण त्या बाटलीला दोन तारखा लागू असतात. एक कंपनीने छापलेली असते. दुसरी आपण लिहून ठेवायची असते आणि ती जवळजवळ कुणीच लिहीत नाही.

छापलेली तारीख म्हणजे ‘यूज बिफोर’. ती न उघडलेल्या, सीलबंद बाटलीची असते. दुसरी तारीख सुरू होते झाकण उघडतं त्या दिवशी. वेष्टनावर उघड्या झाकणाच्या डबीचं एक बारीक चित्र असतं, त्यात ६, १२ किंवा २४ असा आकडा आणि पुढे इंग्रजी ‘एम’. उघडल्यानंतर इतके महिने वापरा, एवढाच त्याचा अर्थ. तीस महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या बहुतेक प्रसाधनांवर हे चित्र छापण्याचं बंधन युरोपीय संघाने घातलेलं आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच वेष्टनांवरही ते सापडतं.

आता त्या नवरीच्या बाटलीचा हिशोब करू. समजा, ती मार्च २०२३मध्ये तयार झाली आणि तिच्यावर ‘यूज बिफोर’ फेब्रुवारी २०२६ आहे. डबीच्या चित्रात आकडा १२ आहे. लग्न नोव्हेंबर २०२३मध्ये झालं आणि बाटली तेव्हाच उघडली. म्हणजे तिची मुदत नोव्हेंबर २०२४ला संपली. नणंदेची हळद मे २०२५मधली. छापलेल्या तारखेला अजून नऊ महिने आहेत, पण उघडल्यापासूनची मुदत संपून सहा महिने झालेत. दोन्हींपैकी जी आधी येते ती खरी. त्यामुळे बाटली उघडली की महिना आणि वर्ष मार्कर पेनने तिच्या तळाशी लिहावं. एवढं केलं की पुढची चर्चाच उरत नाही.

झाकण उघडण्याने इतका फरक का पडतो? फाउंडेशन, मस्कारा, क्रीम यांत पाणी असतं आणि पाणी असेल तिथे जंतू वाढू शकतात. ते वाढू नयेत म्हणून त्यात संरक्षक रसायन घातलेलं असतं. हा बंदोबस्त रोजच्या वापरातल्या थोड्याफार जंतूंना पुरेल इतकाच असतो. वर्षभर त्यात बोटं बुडवली, तोंड उघडं ठेवलं, घट्ट झालं म्हणून थेंबभर पाणी घालून पातळ केलं, की तो तोकडा पडतो. पाणी घालणं सर्वांत वाईट, कारण त्याने जंतूंची सोय वाढते आणि संरक्षक मात्र पातळ होतं. कोरड्या पावडरीत पाणी नसल्यामुळे ती दोन वर्षांपर्यंतही चालते, पण तीच पावडर ओल्या ब्रशने घ्यायची सवय असेल तर हा फायदा राहत नाही.

जुना मेकअप चेहऱ्यावर निस्तेज का दिसतो, याचं कारण बहुतेकींना आपल्या त्वचेत सापडतं. ‘हल्ली माझ्या चेहऱ्यावर काही बसतच नाही’ हे वाक्य पार्लरमध्ये फार ऐकू येतं. पुष्कळदा दोष बाटलीचा असतो. फाउंडेशन पसरायला सोपं जावं म्हणून त्यात चटकन उडून जाणारे द्रव असतात. झाकण नीट लागलं नाही किंवा पेटी उन्हात तापलेल्या गाडीत राहिली की ते हळूहळू उडतात आणि उरलेलं मिश्रण जड होतं. रंगाचे अतिबारीक कण एकसारखे पसरलेले न राहता एकमेकांना चिकटून गठ्ठे करतात. मग एका गालावर रंग जास्त, दुसऱ्यावर कमी, नाकाच्या कडेला रेघ, आणि एकूण चेहऱ्यावर राखाडी छटा. ते झाकायला आणखी एक थर दिला जातो आणि तासाभरात त्याला भेगा पडतात. जिची त्वचा मुळात चांगली आहे तीही अशा वेळी थकलेली दिसते.

हे ओळखता येतं. बाटली चांगली हलवून एक थेंब हाताच्या पाठीवर घ्यावा आणि बोटाने पसरावा. काही फाउंडेशनमध्ये तेल वर येऊन थर होतात आणि हलवल्यावर मिसळतात, त्यात वावगं काही नाही. हलवूनही थर राहत असतील, हातावर तेल बाजूला आणि रंग बाजूला होत असेल किंवा बोटाला कण लागत असतील, तर ते फेकावं. मग वास घ्यावा. लिपस्टिकमधली तेलं आणि मेणं हवेने बिघडली की खवट शेंगदाण्यासारखा वास येतो, आणि प्रक्रियाही साधारण तीच असते. मात्र या परीक्षेची एक मर्यादा पक्की लक्षात ठेवायला हवी. बिघडलेलं तेल वासावरून कळतं, जंतू कळत नाहीत. वास चांगला, रंग चांगला, म्हणजे डबी स्वच्छ, असं म्हणता येत नाही.

हवेने होणाऱ्या या बिघाडाचा त्रास त्वचेलाही होतो. सुगंधासाठी वापरलेले लिनालूल आणि लिमोनीन हे घटक ताजे असताना सहसा त्रास देत नाहीत. हवेशी संयोग होत गेला की त्यांच्यापासून तयार होणारे पदार्थ मात्र ॲलर्जी उठवण्यात चांगलेच पटाईत असतात. म्हणून ‘हीच क्रीम मी वर्षभर लावते, मला कधी काही झालं नाही’ हे म्हणणं खरं असूनही आज पुरळ उठू शकतं. खाज, लाली, बारीक पुटकुळ्या, विशेषतः पापण्यांच्या पातळ त्वचेवर सूज, असं दिसलं तर सगळा मेकअप थांबवावा. आठवडाभरात बरं वाटलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं आणि जाताना ती डबी सोबत न्यावी. कशाची ॲलर्जी आहे हे पॅच टेस्टने शोधताना डबीवरची घटकांची यादी कामाला येते.

आता स्पंज. ब्रिटनमधल्या ॲस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी वापरात असलेली ४६७ प्रसाधनं आणि स्पंज लोकांकडून मिळवून तपासले. बहुतेकांत जंतू सापडले आणि सर्वांत जास्त सापडले ते अंड्याच्या आकाराच्या मऊ स्पंजांत. त्यांतले ९३ टक्के स्पंज कधीच धुतलेले नव्हते. कारण सरळ आहे: स्पंज ओला करून वापरतात, तो फाउंडेशन आणि चेहऱ्याचं तेल पिऊन घेतो आणि मग डबीत बंद होतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात तो आतून वाळतच नाही. घरातला जुना स्पंज मधोमध कापून पाहावा. आत काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे आणि कितीही धुतलं तरी ती आतून जात नाही. स्पंज प्रत्येक वापरानंतर साबणाने धुवावा, पिळावा, उघड्यावर वाळवावा आणि साधारण तीन महिन्यांनी बदलावा.

ब्रश जास्त टिकतो, पण धुण्याची पद्धत चुकली तर लवकर मरतो. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना ब्रश दर सात ते दहा दिवसांनी धुवायला सांगते. कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू पुरतो. केस खालच्या बाजूला धरून ओले करावेत, तळहातावर शाम्पूत गोल फिरवावेत आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावेत. केस आणि दांडा जोडणाऱ्या धातूच्या पट्टीत पाणी जाऊ देऊ नये, आतला डिंक सुटतो आणि केस गळू लागतात. म्हणूनच धुतलेला ब्रश पेल्यात उभा ठेवायचा नाही. तो टेबलाच्या कडेला आडवा ठेवावा, केस कडेबाहेर हवेत राहतील असा. जाड ब्रशला पावसाळ्यात दीड-दोन दिवसही लागतात, त्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या रात्री सगळे ब्रश धुवायला काढू नयेत. स्वच्छ ब्रशने फरक पडतो तो रंगातही. तेलकट केस एकमेकांना चिकटतात आणि एका जागी भसकन रंग टाकतात, आणि आधीच्या वेळचा तपकिरी रंग आजच्या गुलाबीत मिसळून मळकट होतो. पावडरीच्या डबीवर चकचकीत टणक थर जमतो तोही न धुतलेल्या पफचं तेल लागून.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र मुळीच सवलत घेऊ नये. मस्काऱ्याची नळी अंधारी आणि दमट असते आणि ब्रश रोज पापणीवरून परत आत जातो. म्हणून मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांत टाकून द्यावा. अमेरिकेत १९७०च्या दशकात दूषित मस्काऱ्यामुळे डोळ्याच्या पारदर्शक पटलावर जखम होण्याचे प्रकार नोंदले गेले. ब्रश चुकून डोळ्याला लागतो, पटलावर बारीक ओरखडा उठतो आणि त्या ओरखड्यातून स्यूडोमोनास नावाचा जंतू शिरतो. हा जंतू पटल फार वेगाने खातो आणि दृष्टी जाऊ शकते. मेकअप करताना डोळ्याला लागलं आणि नंतर दुखणं, पाणी येणं, उजेड सहन न होणं सुरू झालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता नेत्रतज्ज्ञांकडे जायला हवं.

लग्नघरात नेमकं हेच सगळ्यांत मोकळेपणाने फिरतं. नवरी, करवली, मावशी, शेजारची छोटी, सगळ्यांच्या डोळ्यांत एकच काजळ. एकीचे डोळे आलेले असतील तर दोन दिवसांत सगळ्या खोलीचे येतात. काजळाची पेन्सिल असेल तर दोन जणींच्या मध्ये तासून घ्यावी, फिरवून वर येणारं काजळ असेल तर टिश्यूने वरचा थर पुसावा. पण यामुळे धोका कमी होतो, संपत नाही. डोळे आलेलीला तिचं वेगळंच हवं, आणि बरं झाल्यावर त्या दिवसांत वापरलेलं काजळ आणि मस्कारा टाकून द्यायला हवा.

लिपस्टिक एकच असली तरी सगळ्यांना लावता येते, फक्त कांडी ओठांना लागू द्यायची नाही. चांगल्या मेकअप आर्टिस्टकडे छोटी स्टीलची पट्टी आणि चपटी सळई असते. ती सळईने थोडी लिपस्टिक खरवडून पट्टीवर घेते आणि प्रत्येकीला वेगळ्या ब्रशने लावते. मस्काऱ्यासाठी तिच्याकडे टाकून द्यायच्या प्लॅस्टिकच्या काड्या असतात आणि एकदा पापणीला लागलेली काडी ती पुन्हा नळीत घालत नाही. ओठाच्या कडेला पाण्याने भरलेले बारीक फोड असलेल्या मावशीचा ब्रश ती बाजूला काढते, कारण ते नागिणीच्या जातीतल्या विषाणूचे फोड असतात आणि ओठांवरून सहज पसरतात. नवरीचा मेकअप ठरवताना पैशांची बोलणी होतात, साड्यांचे फोटो दाखवले जातात. त्याच वेळी ‘करवल्यांना लिपस्टिक कशी लावणार?’ आणि ‘ब्रश किती आणता?’ हे दोन प्रश्न विचारावेत. जी हे काम नीट करते तिला याची उत्तरं लगेच देता येतात आणि असं विचारल्याचा तिला राग येत नाही.