तीन वाजताची दहा मिनिटं

चाकण परिसरातल्या एका कारखान्यात दोन सुपरवायझर कित्येक महिने एकमेकांशी बोलत नव्हते. सकाळची पाळी तीनला सुटते, दुसरी तीनलाच लागते, आणि मधला निरोप हेल्परच्या तोंडून जायचा. एचआरने दोघांना समोरासमोर बसवून पाहिलं, मॅनेजरने समज देऊन पाहिली. मग बाहेरचा मध्यस्थ म्हणून मला बोलावलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून हे प्रकरण सांगतो.

मॅनेजरची पहिली मागणी होती, "चूक कोणाची ते एकदाचं सांगून टाका." नेमकं तेच मध्यस्थ करत नाही. निवाडा दिला की एक जण हरतो, आणि दुसऱ्या दिवशी दोघांना त्याच मशीनपाशी उभं राहायचं असतं. म्हणून आधी लेखी ठरवून घेतलं: मॅनेजरला अहवाल मिळणार नाही, कोण काय बोललं ते कळणार नाही, दोघांना मान्य असेल तेवढाच समझोत्याचा कागद मिळेल. दोघांपैकी कोणीही मधेच उठून गेला, तर त्याच्यावर कारवाई होणार नाही. तक्रार लैंगिक छळाची असती, तर मी हे काम असं घेतलंच नसतं. त्यासाठी 2013 च्या कायद्याची वेगळी वाट आहे. तिथे समेटाचा प्रयत्न फक्त तक्रारदार स्त्रीने मागितला तरच होतो, आणि पैसे देऊन तो करता येत नाही.

मग दोघांना वेगवेगळं भेटलो. भांडणाचं मूळ एका बुशच्या बोअरमध्ये होतं. इन्सर्ट झिजत जातं तसं बोअर लहान येतं, म्हणून मशीनला ऑफसेट वाढवून द्यावा लागतो. नवं इन्सर्ट लावलं की तो ऑफसेट परत काढावा लागतो, नाहीतर बोअर मोठं होतं आणि पीस भंगारात जातो. दोघांपैकी जुन्या, सकाळच्या पाळीच्या सुपरवायझरने तीन वाजायच्या बेतात इन्सर्ट बदललं, ऑफसेट तसाच राहिला. "पहिला पीस मोजून घ्या, असं मी हेल्परला सांगितलं होतं," हे त्याचं म्हणणं. दुसऱ्या पाळीच्या नव्या सुपरवायझरला तो निरोप पोचलाच नाही. त्याने खराब पीसचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपमध्ये प्लांट हेडही होते.

स्वतंत्र भेटीत मी फार बोलत नाही. "हे असंच चालू राहिलं तर वर्षभरानं काय होईल?" एवढं मात्र दोघांना विचारतो. नव्याने सांगितलं की ते रिजेक्शन त्याच्या पाळीवर चढलं आणि त्याची पगारवाढ अडली. जुना बराच वेळ फोटोबद्दलच बोलत राहिला. उठता उठता म्हणाला, टॅबवरची इंग्रजी नोंद त्याला जमत नाही, म्हणून तो तोंडी सांगतो. हे कोणाला सांगू नका, असंही म्हणाला. मी सांगितलं नाही.

एकत्र बैठकीचा नियम साधा असतो. एक बोलेल, दुसरा मधे तोडणार नाही, आणि उत्तर देण्याआधी ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत सांगेल. पगारवाढीचं जुन्याला तिथे पहिल्यांदा कळलं. तरी गाडी "निरोप दिला होता" आणि "मिळाला नाही" यावर अडली. अशा वेळी पुरावा शोधायला लागलं की मध्यस्थी संपते. मी बैठक थांबवून दोघांना पुन्हा वेगळं घेतलं. जुन्याला विचारलं, "टॅबचं तुम्ही स्वतः सांगाल का?" नाही म्हणायची त्याला पूर्ण मोकळीक होती. परत बसल्यावर त्याने सांगितलं. नवा काही क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, "मग मराठीत कागदावरच लिहू ना."

त्यानंतर बोलणं मागच्या घटनेवरून उद्याच्या पाळीबदलावर आलं. समझोता एका पानाचा झाला. दोघं दहा मिनिटं मशीनपाशी एकत्र थांबतील, इन्सर्ट आणि ऑफसेटची नोंद मराठीत होईल, पहिले पाच पीस दोघं मिळून मोजतील, ग्रुपवर फोटो टाकण्याआधी समोर सांगतील. "सौजन्याने वागू" असली वाक्यं मी लिहू देत नाही, कारण ती पाळली की नाही हे मोजता येत नाही.

यातल्या दोन गोष्टी त्यांच्या हातात नव्हत्या. जादा दहा मिनिटांचा पगार कंपनीने द्यायला हवा होता, आणि त्या पाच पीसचं रिजेक्शन कोणत्याच पाळीवर चढू नये, हेही तिनेच ठरवायचं होतं. दोघांच्या संमतीने मॅनेजरला बैठकीच्या शेवटी बोलावलं. त्याने दोन्ही मान्य केलं. नसतं केलं, तर तो कागद महिनाभरही टिकला नसता. पुष्कळ समझोते इथेच मोडतात, आणि दोष मात्र त्या दोघांच्या स्वभावाला दिला जातो.

काही आठवड्यांनी पाहायला गेलो, तेव्हा नोंदवही भरलेली होती. मैत्री झाली नव्हती. डबा दोघं वेगळाच खात होते. पगारवाढीचा प्रश्नही सुटला नव्हता, तो मध्यस्थाच्या कक्षेतला नाहीच. मध्यस्थ बोलावू पाहणाऱ्या व्यवस्थापकांना एवढंच सांगणं आहे: दोघांना त्याच्यासमोर बसवण्याआधी पाळी, टार्गेट आणि नोंदीच्या आपल्या पद्धतीत तुम्ही काय बदलायला तयार आहात, ते ठरवून ठेवा.