एस्प्रेसो मशीन बिघडलं, वॉरंटी आहे. पत्र कसं लिहाल?

‘मशीन नीट चालत नाही’ एवढंच लिहिलं, तर कंपनीकडून बहुधा ठरलेलं उत्तर येतं: पाण्यातल्या क्षारांचा थर साचलाय, तो वॉरंटीत बसत नाही. म्हणून पत्रातच हा मुद्दा आधी निकाली काढावा.

समजा, आठ महिन्यांपूर्वी घेतलेल्या मशीनमधून कॉफी थेंबथेंब गळतेय. आधी कॉफी न भरता पाणी सोडून पाहा. तेव्हाही धार बारीक असेल, तर मार्ग तुंबलाय किंवा पंप कमजोर झालाय. धार चांगली असेल, तर कॉफी थोडी जाडसर दळून पुन्हा करा. तरी कॉफी थेंबथेंबच आली आणि काटा ९ बारच्या आसपास न जाता ३ वरच अडकला, तर दळण्याला दोष देता येणार नाही. संशय पंपावर किंवा दाब सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हवर जातो.

मग पत्रात लिहा: ‘१८ ग्रॅम कॉफी, जाडसर दळण, काटा ३ बारवर. क्षार काढण्याची प्रक्रिया पुस्तिकेप्रमाणे केली आहे. पावती, अनुक्रमांक आणि काट्याचा व्हिडिओ सोबत आहे. विनामूल्य दुरुस्ती करावी. ती शक्य नसल्यास मशीन बदलून द्यावं. पंधरा दिवसांत लेखी कळवावं.’

मशीन स्वतः उघडू नका, नाहीतर नकाराला आयतं कारण मिळतं. उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगाकडे जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात.