‘मंजूर’ या शब्दानंतरच्या ओळी

2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. मात्र कामाची वेळ बदलून मागण्याचा सरसकट हक्क त्यातून मिळाला नाही. म्हणून खासगी नोकरीत साहेबांच्या उत्तरातला शब्दन् शब्द महत्त्वाचा ठरतो.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीत हिशेब विभागात काम करणाऱ्या बाईंनी साडेनऊ ते सहाऐवजी आठ ते साडेचार अशी वेळ मागितली, कारण पाळणाघर पाचला बंद होतं. चांगलं उत्तर असं असेल: ‘आपली विनंती 1 जुलैपासून तीन महिन्यांसाठी मंजूर. रोजचे तास, पगार आणि रजा पूर्वीप्रमाणेच. महिनाअखेरचे दोन दिवस सहापर्यंत थांबावे लागेल. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आढावा घेऊ. सवलत मागे घ्यायची झाल्यास पंधरा दिवस आधी लेखी कळवू.’

इथे प्रत्येक अट मोजता येते. त्या दोन दिवसांसाठी आजीला किंवा शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवता येतं. याउलट ‘कामाच्या गरजेनुसार थांबावे लागेल’ एवढंच लिहिलं, तर मंजुरी कागदावरच राहते. गरज रोज पावणेपाचलाच उपटते!

आणखी एक गोष्ट बहुतेक पत्रांतून सुटते. नवी वेळ सहकाऱ्यांना कळवायची कुणी? साहेबांनीच, आणि चारनंतर बैठक ठेवू नये हेही सांगून. नाहीतर रोज लवकर निघण्याचा खुलासा त्या बाईंनाच करावा लागतो.