निलगिरीची दातेरी वाट आणि डावीकडची खिडकी

डोंगरातील रेल्वेचा प्रवास करावयाचा असे एकदा ठरले की मराठी कुटुंबात पहिले नाव निघते ते माथेरानचे. नेरळहून सुटणारी ती छोटी गाडी १९०७ पासून आपल्या घरचीच झाली आहे. परंतु ‘एकदा तरी दूरची डोंगरगाडी पाहू’ असा विचार ज्यांच्या मनात येतो, त्यांच्यासमोर तीन ठळक पर्याय उभे राहतात. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–शिमला या तिन्ही मार्गांना युनेस्कोने अनुक्रमे १९९९, २००५ आणि २००८ साली जागतिक वारशाचा मान दिला. तिन्ही सुंदर आहेत. तथापि अर्ध्या दिवसात सपाटीवरील सुपारीच्या बागांपासून चहाच्या मळ्यांपर्यंत नेणारी आणि भारतात एकमेव दातेरी रुळांवरून चढणारी गाडी पाहावयाची असेल, तर निलगिरीचीच निवड करावी.

हा मार्ग तमिळनाडूतील मेट्टुपालयमहून निघतो आणि ४६ किलोमीटरनंतर उटीला, म्हणजे उदगमंडलमला, संपतो. मेट्टुपालयमची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३२५ मीटर, तर उटी स्थानकाची सुमारे २,२०० मीटर आहे. कुन्नूरपर्यंतचा मार्ग १८९९ साली सुरू झाला आणि १९०८ पर्यंत तो उटीला पोहोचला. या ४६ किलोमीटरना चढताना पावणेपाच तासांच्या आसपास वेळ लागतो. ज्याला लवकर पोहोचायचे आहे त्याने बसनेच जावे.

या संथपणाचे कारण समजले की प्रवासाची गोडी वाढते. कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात काही ठिकाणी १२ मीटर पुढे जाताना १ मीटर वर चढावे लागते. एवढ्या चढावर पोलादी चाक पोलादी रुळावर घसरू लागते. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दाते असलेल्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी बसविलेल्या आहेत. एका पट्टीचा दाता जेथे येतो तेथे दुसरीची खाच येते. इंजिनाच्या पोटाखालील दंतचक्र त्यांत अडकत अडकत वर सरकते, आणि दातांची रचना अशी मागेपुढे असल्यामुळे पकड क्षणभरही सुटत नाही. या टप्प्यात वेग ताशी १३ किलोमीटरच्या घरात असतो. वाफेचे इंजिन नेहमी उताराच्या बाजूला जोडलेले असते. याचा अर्थ असा की चढताना ते मागून डबे ढकलते आणि उतरताना पुढे राहून त्यांना आवरून धरते.

कोणते तिकीट काढावे हे या एका गोष्टीवरून ठरते. चढताना इंजिन मागे असल्यामुळे सर्वांत पुढच्या डब्यासमोर काहीच आडवे येत नाही. समोर फक्त बोगद्याचे तोंड, पुलाची कमान आणि पुढच्या ओट्यावर उभा राहून ब्रेक सांभाळणारा रेल्वे कर्मचारी दिसतो. प्रथम वर्गाचा डबा परंपरेने याच टोकाला असतो. उतरताना मात्र त्याच दृश्यापुढे इंजिन येते, दुपारनंतर धुके दाटण्याचा संभवही अधिक असतो, आणि प्रवास तास-सव्वा तासाने लवकर आटोपतो. म्हणून एकाच दिशेने गाडीत बसायचे असेल, तर मेट्टुपालयमहून सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या सुमारास सुटणारी वर जाणारी गाडी घ्यावी. वेळापत्रक अधूनमधून बदलते, तेव्हा तिकीट काढताना वेळ पुन्हा पाहावी.

आता बाजूचा प्रश्न. मेट्टुपालयमहून कुन्नूरकडे जाताना तोंड गाडीच्या दिशेला ठेवून बसले, तर डावी बाजू चांगली. या टप्प्यात गाडी दरीच्या कडेने वर जाते आणि उघडी दरी बहुतांशी डावीकडे राहते. उजवीकडे बराच वेळ खडकाची भिंत आणि नेचे असतात. अर्थात वळणे दोनशेहून अधिक आणि पूल अडीचशेच्या आसपास असल्याने उजवीकडच्यांनाही काही दरी, काही ओढे मिळतातच. कुन्नूरच्या वर दृश्याचा स्वभावच पालटतो. चढ सौम्य होतो, दातेरी पट्टी संपते, आणि मळे, निलगिरीची झाडे, केत्तीच्या खोऱ्यातील शेते कधी एका बाजूला तर कधी दुसऱ्या बाजूला येतात. तेथे बाजूचा आग्रह सोडून द्यावा.

डावी बाजू हवी हे कळले, तरी ती मिळवायची कशी? विमानाप्रमाणे नकाशावर बोट ठेवून येथे आसन निवडता येत नाही. आसन संगणक देतो. बहुतेक डब्यांची घडण जुन्या पद्धतीची आहे. समोरासमोर दोन बाकांचा एकेक कप्पा, त्याला फलाटाच्या बाजूने स्वतंत्र दार, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जाण्यास वाट नाही. त्यामुळे खरा उपाय एकच: सर्वांची नावे एकाच तिकिटावर आणि आरक्षण उघडताच. चार-पाच जणांचे तिकीट पहिल्या काही मिनिटांत निघाले, तर एकच कप्पा मिळण्याची शक्यता वाढते आणि मग खिडकीची अदलाबदल घरच्या घरी होते. उशिरा निघालेल्या तिकिटात चौघे चार कप्प्यांत विखुरतात, आणि चालत्या गाडीत एकमेकांकडे जाताही येत नाही. लहान मुले किंवा वृद्ध आई-वडील बरोबर असतील, तर ही गैरसोय किरकोळ राहत नाही. डब्यात स्वच्छतागृह नसते हेही ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवावे. इंजिनाला पाणी भरण्यासाठी गाडी हिलग्रोव्हसारख्या मधल्या स्थानकांवर थांबते, तेव्हाच उतरून पाय मोकळे करता येतात.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, आणि त्यात प्रवासाचा दिवस धरला जात नाही. उदाहरणादाखल पुण्यातील एका चौकोनी कुटुंबाचा बेत घेऊ. वर्षअखेरीच्या धांदलीपूर्वी, १४ फेब्रुवारीला त्यांना डोंगरगाडीत बसायचे आहे. साठ दिवस मागे मोजले की १६ डिसेंबर येतो. त्या दिवशी सकाळी ८ वाजता आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर ‘MTP’ ते ‘ONR’ असा शोध घ्यावा. पहिली खूण मेट्टुपालयमची, दुसरी कुन्नूरची आणि उटीची ‘UAM’. प्रवाशांची नावे आदल्या रात्रीच संकेतस्थळावरील यादीत भरून ठेवली, तर ऐन वेळी टंकण्यात मिनिटे जात नाहीत. दहा वाजता पाहू म्हणणाऱ्याला सुट्टीच्या हंगामात बहुधा प्रतीक्षायादीच दिसते, आणि मोजक्या डब्यांच्या गाडीत ती यादी फारशी पुढे सरकत नाही.

मेट्टुपालयम ते उटी असे सरळ तिकीट का काढू नये, अशी शंका येथे साहजिक आहे. मध्ये उतरून पुन्हा त्याच तिकिटावर पुढे जाण्याची मुभा ५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासालाच मिळते. ४६ किलोमीटरच्या तिकिटावर कुन्नूरला उतरले की पुढचा भाग वाया जातो. कुन्नूरला राहायचे असेल तर दोन तिकिटे काढावीत: पहिले ‘MTP’ ते ‘ONR’ आणि दोन दिवसांनंतरच्या तारखेचे ‘ONR’ ते ‘UAM’. दुसऱ्या टप्प्यात दिवसाकाठी अनेक गाड्या धावतात, तेव्हा ते तिकीट त्या मानाने सुलभ असते.

पुण्याहून कोइमतूरला येणाऱ्या गाडीचे आरक्षण डोंगरगाडीच्या आधी दोन-तीन दिवस उघडते, ही एक अडचण उरते. अशा वेळी ते तिकीट आधी काढून ठेवावे. १६ डिसेंबरला डोंगरगाडी मिळाली नाही, तर रद्द करण्याचे शुल्क तेवढे सोसावे लागते. उलट क्रमाने गेल्यास दीड हजार किलोमीटरचा प्रवासच अनिश्चित राहतो. हिशेबी माणूस पहिला मार्ग पत्करील.

आपले कुटुंब १३ फेब्रुवारीला कोइमतूरला उतरते. मेट्टुपालयम तेथून सुमारे ३५ किलोमीटर आहे. पहाटे कोइमतूरहून निघून ७ वाजून १० मिनिटांची गाडी गाठण्याचे धाडस करू नये. रात्री मेट्टुपालयमलाच मुक्काम करावा. चेन्नईहून येणाऱ्यांना मात्र ही चिंता नाही. निलगिरी एक्स्प्रेस रात्री निघून सकाळी सहा-सव्वासहाच्या सुमारास त्यांना मेट्टुपालयमला आणून सोडते. डोंगरगाडीच्या डब्यात मोठ्या पेट्यांना जागा नसते, म्हणून सामान आटोपशीर हवे.

१४ तारखेला साडेदहाच्या सुमारास कुटुंब कुन्नूरला उतरते. बहुतेक पर्यटक हे गाव खिडकीतूनच पाहून पुढे जातात, आणि ही त्यांची चूक होय. उटीच्या मानाने कुन्नूर शांत व उबदार आहे. पहिल्या दुपारी सिम्स पार्क हे १८७४ पासूनचे उद्यान पुरे. उतारावर टप्प्याटप्प्याने रचलेल्या या बागेत वृद्धांनाही सावकाश हिंडता येते. दुसऱ्या दिवशी सकाळीच, ढग वर येण्यापूर्वी, लॅम्ब्स रॉक आणि डॉल्फिन्स नोज ही दोन स्थळे गाठावीत. दोन्ही एकाच रस्त्यावर असल्याने एका फेरीत होतात. डॉल्फिन्स नोजवरून समोरच्या कड्यावरून कोसळणारा कॅथरीन धबधबा दिसतो. फेब्रुवारीत त्याची धार बारीक असते, परंतु हवा स्वच्छ असल्याने दूरवरचे दिसते. परतताना वाटेतील एखाद्या चहाच्या कारखान्यात पाने सुकविण्यापासून चाळण्यापर्यंतची सारी प्रक्रिया पाहता येते.

१६ तारखेला उटीची गाडी. वेलिंग्टन, अरुवंकाडू, केत्ती, लव्हडेल ही छोटी स्थानके तासाभरात सरतात. उटीला वनस्पती उद्यान आणि २,६३७ मीटर उंचीचे दोड्डबेट्टा शिखर यांसाठी एक पूर्ण दिवस राखावा.

हाच बेत ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात आखणाऱ्यांनी एक धोका ध्यानात घ्यावा. ईशान्य मोसमी पावसात कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात दरडी कोसळतात, रुळांवर झाडे पडतात आणि गाडी काही दिवस बंद राहते. रेल्वेने गाडी रद्द केल्यास ई-तिकिटाचे पूर्ण पैसे खात्यात परत येतात, पण हॉटेलचे पैसे परत मिळतीलच असे नाही. या महिन्यांत जायचेच असेल, तर विनाशुल्क रद्द होणारी खोली घ्यावी आणि निघण्याच्या आदल्या दिवशी गाडीची स्थिती पाहावी. खालचा टप्पा बंद असतानाही कुन्नूर–उटी गाडी पुष्कळदा चालू असते. अशा वेळी मेट्टुपालयमहून बसने कुन्नूर गाठून निदान वरचा अर्धा प्रवास साधता येतो.

परतीला उटीहून बसने थेट कोइमतूर गाठता येते. स्वतःच्या वा भाड्याच्या मोटारीने जाणाऱ्यांसाठी तमिळनाडू शासनाने मे २०२४ पासून निलगिरी जिल्ह्यात प्रवेशाकरिता ई-पास आवश्यक केला आहे. तो घरून निघण्यापूर्वीच संकेतस्थळावरून काढावा. रेल्वेने वा सरकारी बसने जाणाऱ्यास त्याची गरज नाही.