नळावरच्या गप्पा आणि भिशीचा पहिला नंबर

सिल्वासाजवळच्या सायलीत कारखाने बरेच आहेत. तिथे कामाला आलेली कुटुंबे बैठ्या चाळींत भाड्याने राहतात. अशाच एका चाळीत मी शिक्षिका म्हणून खोली घेतली, तेव्हा पहिले काही महिने नळावर मी गेले की बायकांचे बोलणे थांबायचे. मला त्या ‘मॅडम’ म्हणत. एका सकाळी शेजारणीने बादली खाली ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “ताई, कुणाला सांगू नका हं, पण...” पुढची बातमी अगदीच किरकोळ होती. तरीही त्या दिवशी मी चाळीतली झाले.

असे का व्हावे? तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना सांगणारी स्वतःचीच मान अडकवून घेते. मी ते शब्द पुढे नेले असते, तर भांडण तिच्या दारात आले असते. ‘कुणाला सांगू नका’ म्हणून तिने माझ्याकडे तारण ठेवले होते. शिवाय आपल्या माणसांची उणीदुणी काढण्याचा हक्क फक्त आपल्याच माणसांना असतो. मॅक्स ग्लकमन या मानववंशशास्त्रज्ञाने 1963 साली हेच मांडले होते: कुणाविषयी, कुणापाशी, किती बोलायचे हे कळणे ही त्या गटाचे सभासद असल्याची खूण आहे. घरमालकाने आमच्यातल्या एखादीला नावे ठेवली, की एरवी तिच्यावर तोंडसुख घेणाऱ्या बायका एकजुटीने त्याच्यावर उलटत.

या गप्पांचा दुसरा उपयोग मला भिशीत समजला. आम्ही बारा जणी दरमहा हजार रुपये काढत असू आणि जमलेले बारा हजार आळीपाळीने एकीला मिळत. वरवर सगळ्या सारख्याच. पण पहिला नंबर लागणारीने स्वतःचे हजारच भरलेले असतात. उरलेले अकरा हजार हे तिच्यावरचे कर्जच. ती खोली सोडून गेली, तर बाकी अकरा जणींना प्रत्येकी हजाराचा फटका. ना कागद, ना जामीन. बँक जी चौकशी कागदपत्रांतून करते, ती इथे नळावर होते: कुणाचा नवरा कामावर टिकतो, कोण घेतलेली वाटी परत करते, कुणाचे भाडे थकले आहे. आपल्याबद्दल बोलले जाते हे ठाऊक असल्यामुळे प्रत्येक जण हप्ता वेळेवर आणून देते. पाठीमागच्या बोलण्याचा हा धाकच भिशीला जामीन राहतो.

पण जामीन खोटाही निघतो. एका वर्षी एकीने पहिला नंबर मागितला. त्याच आठवड्यात तिघींनी वेगवेगळे येऊन मला सांगितले, की तिची दुकानात मोठी उधारी आहे, ती गावी पळणार आहे. तिघी सांगताहेत म्हणजे खरेच असणार, असे धरून आम्ही तिला दहावा नंबर दिला. मीही मान डोलावली. नंतर कळले, की तिघींचाही उगम एकच होता, वाण्याच्या दुकानातली कुजबुज. उधारी खरी होती, पण ती मुलाच्या आजारपणात झाली होती. ‘पळणार’ हा शब्द वाटेत कुणीतरी जोडला होता. तिला पैशांची गरज तेव्हाच होती आणि तिला एकदाही कुणी विचारले नव्हते. तिने दहाही हप्ते वेळेवर भरले. आपला नंबर आल्यावर पैसे घेतले, उरलेले दोन हप्तेही चुकवले नाहीत आणि पुढच्या भिशीत नाव घातले नाही. नळावरही ती आम्ही निघून गेल्यावर येऊ लागली.

तेव्हापासून मी तीन प्रश्न विचारते. तू पाहिलेस की ऐकलेस? ऐकलेस तर कुणाकडून? आणि तिला विचारलेस का? पहिल्या दोन प्रश्नांनी तीन तोंडांमागचा एक उगम सापडतो. तिसऱ्याने वाटेत चिकटलेला शब्द गळून पडतो.

आपल्या भाषेने हे भेद आधीच करून ठेवले आहेत. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या कानी लागणे ही चहाडी; नसलेली गोष्ट उठवणे म्हणजे कंडी पिकवणे; उगाच दुसऱ्याची टवाळी करत बसणे ही कुटाळकी. नळावरचे बोलणे यांपैकी कशातच मोडत नव्हते, निदान सुरुवातीला. वाण्याच्या दुकानापासून माझ्या दारापर्यंत येताना त्याची कंडी झाली, आणि शेवटचे दार माझे होते.