बॅटरीत राहून गेलेला धातूचा कण

2006 च्या ऑगस्ट महिन्यात डेल कंपनीने लॅपटॉपच्या सुमारे 41 लाख बॅटऱ्या परत मागवल्या. त्याच महिन्यात ॲपलनेही 18 लाख बॅटऱ्या परत घेण्याचे जाहीर केले. दोन्हींतले लिथियम-आयन सेल सोनीने बनवलेले होते. सेलमध्ये राहून गेलेले धातूचे अतिसूक्ष्म कण क्वचित इतर भागांना टेकतात आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होते, असे सोनीने सांगितले. परत मागवलेल्या डेलच्या बॅटऱ्यांपैकी काही 2004 पासून विकल्या गेल्या होत्या. म्हणजे कण पहिल्या दिवसापासून आत होते, पण त्रास बराच काळ वापरल्यावर दिसला. हा उशीर का होतो, हे समजायला सेलची रचना पाहावी लागते.

सेलमध्ये दोन लांब पट्ट्या असतात. ॲल्युमिनियमच्या फॉइलवर धातूच्या ऑक्साइडचा थर दिला की धन पट्टी होते, तांब्याच्या फॉइलवर ग्रॅफाइटचा थर दिला की ऋण पट्टी. दोन्हींच्या मध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो, त्याला सेपरेटर म्हणतात. त्याची जाडी साधारण 15 ते 25 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनही कमी. धन आणि ऋण यांना दूर ठेवणारे आत दुसरे काहीच नसते.

कण कारखान्यातच शिरतात. पट्ट्या कापणाऱ्या पात्यांमुळे फॉइलच्या कडेला कुसे राहतात, वेल्डिंगच्या ठिणग्यांतून बारीक गोळ्या उडतात, यंत्रांचे पोलादी भाग झिजतात, डबीचे तोंड दाबून बंद करताना निकेलच्या मुलाम्याचा चुरा पडतो. पडद्यापेक्षा जाड, टोकदार कण असेल तर तो पडदा थेट भोसकतो. असा सेल बहुतेक वेळा कारखान्यातल्या तपासणीतच पकडला जातो.

खरी अडचण लहान कणांची आहे. समजा, लोखंडाचा एक कण धन पट्टीवर पडला. सेल चार्ज झाला की तिथला विद्युतदाब इतका असतो की लोखंड टिकत नाही. ते विरघळून त्याचे आयन होतात आणि ते इलेक्ट्रोलाइटमधून, पडद्याच्या छिद्रांतून पलीकडे जातात. ऋण पट्टीवर पोहोचल्यावर त्या आयनांचा पुन्हा धातू बनतो. मग हा साठलेला धातू पडद्याच्या छिद्रांतून धन पट्टीच्या दिशेने वाढू लागतो. तांब्याचा कणही असाच वागतो. ऋण पट्टीवर पडलेला कण मात्र विरघळत नाही. त्याच्यापासून धोका असतो तो फक्त टोचण्याचा.

विरघळायला काहींना दिवस पुरतात, तर स्टेनलेस स्टीलच्या किंवा थराखाली दबलेल्या कणाला फार वेळ लागू शकतो. त्यातच चार्ज होताना ग्रॅफाइट सुमारे एक दशांशाने फुगते आणि डिस्चार्ज होताना आकसते. प्रत्येक वेळी पडदा त्याच जागी दाबला जातो. पहिल्या दिवशी न पोहोचलेले टोक शेकडो वेळा असे दाबले गेल्यावर पोहोचते.

म्हणून कारखाने सेल पहिल्यांदा चार्ज करून काही दिवस ते काही आठवडे नुसते ठेवून देतात आणि व्होल्टेज किती उतरते ते मोजतात. ही चाचणी चांगली आहे, पण तिला मर्यादा आहे. 2.2 अँपिअर-अवरचा सेल घेऊ. आतली गळतीची वाट 10 हजार ओहमची असेल, तर 3.7 व्होल्टला सुमारे 0.37 मिलिअँपिअर वाहतो आणि दिवसाला 0.4 टक्के चार्ज उडतो. हे लक्षात येते. पण तीच वाट 10 लाख ओहमची असेल तर गळती शंभरपट कमी होते आणि सेलच्या नेहमीच्या उतरणीत ती हरवून जाते. वाट अजून तयारच झाली नसेल, तर मोजायला काहीच नसते.

पुढे ही वाट रुंदावून एका ओहमवर आली, तर त्या एका ठिपक्याजवळ 13 वॅटपेक्षा जास्त उष्णता निर्माण होते. सुमारे 130 अंशांना पॉलिथिलीनचा पडदा वितळतो, भोक मोठे होते आणि आतल्या रासायनिक क्रियाच उष्णता वाढवू लागतात. सगळ्यात वाईट स्थिती म्हणजे ॲल्युमिनियमचे फॉइल चार्ज झालेल्या ग्रॅफाइटला टेकणे, कारण तिथे प्रवाह अडवायला धन थराचा रोधही नसतो. बाहेरचा फ्यूज इथे उपयोगाचा नाही. प्रवाह त्याच्यातून जातच नाही.

त्यामुळे भर उगमाशीच दिला जातो. धन थराची भुकटी ताकदवान चुंबकांवरून नेऊन लोखंडाचे कण वेचतात, पात्यांची धार ठरलेल्या वेळी तपासतात, वेल्डिंगजवळ चुरा शोषून घेतात आणि पडद्यावर सिरॅमिकचा पातळ थर देतात. असा पडदा तापला तरी चटकन आकसत नाही. वापरणाऱ्याला दिसू शकणाऱ्या खुणा दोनच: बंद ठेवलेली बॅटरी पूर्वीपेक्षा लवकर उतरणे आणि काहीही न चालवता ती कोमट लागणे. अशी बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये. पण पुष्कळदा या खुणाही दिसत नाहीत.